विमल मोतीलाल कोण?



अहिल्यानगरच्या एका परिचित घरात पेढीची जुनी पेटी उघडली, तेव्हा वह्यांच्या तळाशी १९५८ सालचे शेअरचे एक प्रमाणपत्र निघाले. त्यावरील नाव होते ‘विमल मोतीलाल’ आणि पुढे आडनाव. मोतीलालजी हे आज दुकान सांभाळणाऱ्या दोघा भावांचे पणजोबा. विमल कोण, हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हते. विमल हे बाईमाणसाचे नाव, असे गृहीत धरून त्यांनी लग्न होऊन सासरी गेलेल्या एखाद्या आजे-आत्याचा शोध सुरू केला. बार्शी, जालना, लातूर अशा तीन गावी फोन झाले. अशी आत्या कोठेच सापडली नाही.

प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपणा जैनांनाही लागू आहे. त्यानुसार मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर पहिल्या वर्गाचे वारस कोण, आणि स्त्री गेली तर कोण, याचे क्रम वेगळे आहेत. विमल ही विवाहित कन्या असेल, तर ते शेअर तिच्या पतीचे आणि मुलांचे, म्हणजे दुसऱ्या घराचे. विमल हा पुत्र असेल, तर त्याच्या पत्नीचे, मुलांचे आणि आईचे. मधले नाव येथे उपयोगी पडत नाही. मोतीलाल हे नाव मुलगा लावतो, अविवाहित मुलगी लावते आणि पत्नीही लावते.

मुलांना जे नाव निःसंशय स्त्रीचे वाटले, ते पणजोबांच्या काळी तसे नव्हते. विमलनाथ हे आपले तेरावे तीर्थंकर. अबूच्या दिलवाड्यातील आदिनाथाचे मंदिर १०३१ मध्ये बांधविणारे मंत्री विमलशहा. त्यांच्याच नावावरून ते ‘विमलवसही’ झाले. संस्कृतात ‘विमल’ हे विशेषण आहे. पुरुषासाठी विमल आणि स्त्रीसाठी विमला, असा त्यात सरळ भेद होता. मराठीने मात्र विमलाचा शेवटचा आकार गाळला आणि उरलेले ‘विमल’ मुलींना दिले. ‘कमल’, ‘कुसुम’, ‘सुमन’ यांचा मार्ग निराळा. हे शब्द संस्कृतात नपुंसकलिंगी, म्हणजे मूळचे कोणाचेच नव्हते. महाराष्ट्रात ते मुलींकडे आले. गुजरात-राजस्थानातून आलेल्या घरांत विमल पुरुषाचे राहिले, आणि शेजारच्या मराठी वाड्यात ते काकूंचे झाले. एकाच गल्लीत दोन्ही नांदत होती.

गोंधळ मात्र फारसा होत नसे. त्या पिढीत नावाचे लिंग नावात नव्हतेच, ते शेपटीत होते. रतन, हिरा, मोती, केसर, चंदन ही रत्ने-सुगंधांची नावे मुलगा-मुलगी दोघांनाही चालत. मुलापुढे लाल, चंद, मल किंवा राज लागे, मुलीपुढे बाई. म्हणून रतनलाल आणि रतनबाई हे एकाच घरातले दीरभावजय असू शकत. १९५० नंतरच्या काळात ही शेपटी जुनाट वाटू लागली. शाळेच्या दाखल्यावर, बँकेच्या अर्जावर नुसते ‘विमल’, नुसते ‘रतन’ लिहिले जाऊ लागले. नाव तेच राहिले, खूण मात्र गेली. माझ्या मते आपल्याकडची बरीचशी उभयलिंगी नावे कोणी मुद्दाम घडवलेली नाहीत. ती अशी शेपूट तुटून झालेली आहेत.

एखादे नाव उभयलिंगी आहे असे म्हणताना म्हणून थोडे थांबावे. सांगली-कोल्हापूरकडच्या दिगंबर घरांत ‘शीतल’ हे दहाव्या तीर्थंकरांवरून ठेवलेले मुलाचे नाव; तेथे त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पुण्या-मुंबईत शीतल म्हटले की मुलगीच डोळ्यांपुढे येते. सगळ्या महाराष्ट्राची एकच यादी करून मोजले, तर शीतल उभयलिंगी ठरेल. पण एकेका गावापुरते पाहिले, तर बहुधा ते एकाच बाजूचे निघेल. ‘किरण’ची गोष्ट वेगळी. तो एकाच शाळेच्या एकाच वर्गात मुलगाही असतो आणि मुलगीही. खऱ्या अर्थाने दोघांचे नाव ते हे. पहिल्या प्रकारात गाव विचारले की उत्तर मिळते, दुसऱ्यात माणूसच विचारावा लागतो. वधूवर परिचय पुस्तिकेचे काम करणाऱ्यांनी हा भेद ध्यानी ठेवावा. नुसत्या नावावरून विभाग पाडणाऱ्या एका पुस्तिकेत सांगलीकडचा एक शीतल वधूंच्या पानांत छापला गेलेला मी पाहिला आहे. त्याच्या वडिलांना आठवडाभर मुलांच्या आयांचे फोन येत होते.

‘सुमति’चेही असेच आहे. पाचवे तीर्थंकर सुमतिनाथ, म्हणून सुमतिलाल आणि सुमतिचंद. आणि इकडे सोलापूरच्या पंडिता सुमतीबाई शहा. एकोणिसाव्या तीर्थंकरांविषयी तर आपल्या दोन परंपरांतच भिन्न मत आहे. श्वेतांबर आगमांतील ज्ञाताधर्मकथेच्या आठव्या अध्ययनात मल्ली ही मिथिलेची राजकन्या आहे. दिगंबर परंपरेत मल्लिनाथ पुरुषच. ‘मल्लि’ म्हणजे मोगऱ्याच्या कुळातले फूल, शब्द स्त्रीलिंगी. तरीही ‘नाथ’ लावून दोन्हीकडचे श्रावक एकाच नावाने वंदन करतात.

आता पुन्हा पेटीकडे वळू. वह्यांतून काही निघेल, अशी मला आशा होती. मराठी काय, मारवाडी काय, क्रियापद माणसाचे लिंग उघड करतेच. पण त्या वह्या मुडिया लिपीत होत्या आणि त्या लिपीत मात्रा गाळण्याची रीत. काका अजमेरला गेले की आज वारले, हा त्या लिपीवरचा जुना विनोद अनेकांनी ऐकला असेल. ज्या ओकाराने वा ईकाराने विमल ‘तो’ की ‘ती’ हे कळायचे, नेमका तोच तेथे लिहिलेला नव्हता. दहा-बारा ठिकाणी विमलच्या नावे रक्कम पडली होती, सगळीकडे नुसते विमल. मायऱ्याचा खर्च कोठे असता, तर लेक ठरली असती. तोही नव्हता.

उलगडा दादीजींनी केला. वय नव्वदीच्या घरात, ऐकू कमी येते, म्हणून त्यांना कोणी विचारलेच नव्हते. प्रमाणपत्र हातात देताच त्या म्हणाल्या, “हे तर विमलचंदजी, तुमच्या दादाजींचे थोरले भाऊ. मी सून म्हणून आले त्याच वर्षी ते गेले. लग्न व्हायचे होते.” मग १९६१ च्या वहीच्या शेवटच्या पानावर, देवनागरीत, खाते बंद करताना लिहिलेले पूर्ण नावही सापडले: विमलचंद मोतीलाल.

अविवाहित पुत्राची पहिल्या वर्गातली वारस त्याची आई. वडील त्या वर्गात येत नाहीत. म्हणजे शेअर मोतीलालजींच्या पत्नीकडे गेले, आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या मुलांकडे, पतीकडे आणि मुलींकडेही. वकिलांनी हे सांगितले, तेव्हा दोघे भाऊ क्षणभर गप्प बसले. मोतीलालजींना तीन मुली होत्या: रतनबाई, केसरबाई आणि चंदनबाई. तिघींच्या नावांत शंकेला जागा नव्हती. बार्शी, जालना आणि लातूर येथे पुन्हा फोन करावे लागले, या खेपेस वारस म्हणून.