75 केबीपेक्षा लहान कागद सरकारला चालत नाही, म्हणून गरिबाचा अर्ज अडतो

मंडळी, तहसीलच्या खिडकीवरचा बाबू कागद परत करतो तेव्हा निदान तोंडाने काहीतरी कारण सांगतो. झेरॉक्स नीट नाही, सही राहिली, उद्या या. आपण भांडू शकतो, साहेबाकडे जाऊ शकतो. आता खिडकीच्या जागी पोर्टल आलंय. ते इंग्रजीत एक लाल ओळ दाखवतं, की फाईलचा आकार बरोबर नाही. संपला विषय. भांडायचं कुणाशी?

बारावीचे, डिप्लोमाचे प्रवेश सुरू झाले की नेकनूरच्या प्रत्येक झेरॉक्सवाल्याकडे हाच गोंधळ असतो. पोरगं एका हातात रेशन कार्ड आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन उभं, बाप बाहेर मोटारसायकलवर बसलेला. म्हणून आज नेमकं काय अडतं, कशामुळे अडतं आणि चूक कुणाची, हे सविस्तर लिहितोय. थोडं लांबेल, पण वाचा.

'आपले सरकार' पोर्टलचंच घ्या. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, सगळं तिथूनच. त्याचा नियम असा की अर्जदाराचा फोटो जेपीजी पाहिजे, 5 ते 20 केबीचा, रुंदी 160 पिक्सेल आणि उंची 200 ते 212 पिक्सेल. जोडायचे कागद 75 ते 500 केबीच्या आत पाहिजेत. वरची मर्यादा समजू शकते, लाखो लोकांच्या फाईली साठवायच्या असतात. पण खालची? 75 केबीपेक्षा लहान फाईल नको, हे कुठलं शहाणपण?

समजा, एका मुलीला उत्पन्नाचा दाखला काढायचाय. तिने रेशन कार्ड घरातल्या चादरीवर ठेवलं आणि मोबाईलने फोटो काढला. आजचे मोबाईल असा फोटो 3-4 एमबीचा काढतात, म्हणजे मर्यादेच्या सहा ते आठ पट. पोर्टलने नाकारला. मैत्रिणीने फोटो लहान करायचं अॅप सांगितलं. त्यात 'लहान' वर बोट ठेवलं, फाईल झाली 48 केबी. पुन्हा नाकारली, आता कमी पडते म्हणून. मग तिने तीच 48 केबीची फाईल दुसऱ्या अॅपमध्ये घालून मोठी केली. 90 केबी झाली आणि पोर्टलने घेतली! पोरगी खूश. चार दिवसांनी तहसीलच्या लॉगिनवरून अर्ज परत, शेरा 'कागद अस्पष्ट'. कारण एकदा लहान करताना गेलेली अक्षरं फाईल फुगवून परत येत नसतात. मशीनला 90 केबी पुरले, माणसाला नाव वाचता आलं नाही.

आता यातली खरी गंमत बघा. केबी म्हणजे कागदाची स्पष्टता नव्हे. फुलाफुलांच्या चादरीवर ठेवलेल्या कागदाचा फोटो जास्त केबी खातो, कारण प्रत्येक फूल साठवावं लागतं. तोच कागद कडेने नीट कापला, मागे काही नसलं, तर फाईल लहान होते आणि अक्षर मात्र जास्त स्पष्ट दिसतं. म्हणजे नीट काम करणाऱ्याची फाईल खालच्या मर्यादेला अडकायची शक्यता जास्त! त्याहून वाईट, कॉम्प्युटरवर तयार झालेली एका पानाची पीडीएफ 30-40 केबीत सहज मावते. तिचं अक्षर छापल्यासारखं, हजार पट मोठं केलं तरी फाटत नाही. अशी अस्सल पीडीएफ '75 पेक्षा कमी' म्हणून परत येते. मग माणूस काय करतो? तिची प्रिंट काढतो, प्रिंटचा मोबाईलने फोटो काढतो आणि तो धुरकट फोटो चढवतो. याला डिजिटल कारभार म्हणायचं.

तर हे जमवायचं कसं, तेही सांगतो. कागद दिवसाउजेडी, सावली पडणार नाही असा सपाट ठेवा आणि बरोबर वरून फोटो काढा. आधी कडा कापा, कागदाबाहेरचं काहीच राहू नये. त्यानंतरच आकार कमी करा. ए-फोर कागदाला 1240 बाय 1754 पिक्सेल पुरतात, वाचायला काही अडचण येत नाही. अॅपमध्ये 'क्वालिटी' विचारतं तिथे 70-80 ठेवा. साधारण 150 ते 350 केबीची फाईल मिळते. जमलं नाही तर दर वेळी मूळ फोटोवरून पुन्हा करा, लहान केलेल्यावरून कधीच नाही. त्यासाठी मूळ फोटो डिलीट करू नका. आणि चढवायच्या आधी फाईल उघडून मोठी करून बघा. तुम्हाला रेशन कार्डाचा नंबर वाचता येत नसेल, तर नायब तहसीलदारालाही येणार नाही.

अगदी काठावर राहू नका. मोबाईल 1000 बाइटचा एक केबी धरतो, पोर्टल बहुतेक 1024 चा. मोबाईलवर 76 केबी दिसणारी फाईल तिकडे 74 भरते आणि लोक म्हणतात, 'आकार बरोबर आहे तरी घेत नाही राव'. 100 ते 450 च्या मध्ये राहिलात की हा वाद संपतो. छोटी पीडीएफ अडली तर ती कॉम्प्युटरवर जेपीजी करून घ्या, 150 डीपीआयला. प्रिंट काढून फोटो काढण्यापेक्षा ते कैक पटीने साफ येतं.

दुसरी भानगड व्हॉट्सअॅपची. घरून फोटो झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअॅपवर जातो. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअॅप स्वतःच त्याचा आकार कमी करतं. साधा पांढरा कागद असेल तर कधी 75 च्या खालीच येतो. पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाईल जशीच्या तशी जाते. आणि तिकडे कॉम्प्युटरवर उतरवलेल्या फोटोचं नाव बघा:

```
WhatsApp Image 2024-07-12 at 10.32.15 AM (1).jpeg
```

यात मोकळ्या जागा आहेत, कंस आहे, वेळेतले दोन टिंब जास्तीचे आहेत. कित्येक पोर्टलला हे चालत नाही. टिंबामागे कारण आहे. नावातल्या शेवटच्या टिंबानंतर फाईलचा प्रकार लिहिलेला असतो. काही लबाड लोक चित्राच्या नावात दुसरं टिंब घालून भलताच प्रोग्रॅम आत घुसवतात, म्हणून पोर्टल एकापेक्षा जास्त टिंब दिसलं की दार लावतं. मराठीत लिहिलेलं नावही अडू शकतं. तेव्हा चढवायच्या आधी साधं इंग्रजी नाव द्या, `ration1.jpg` असं. विंडोजमध्ये नावाचा शेवटचा भाग बऱ्याचदा लपलेला असतो. तिथे नाव बदलताना आपण `.jpg` टाकलं की ते `ration1.jpg.jpg` होऊन बसतं, ते तपासा.

आणि नाव बदलून प्रकार बदलत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. आयफोनचा फोटो एचईआयसी प्रकारचा असतो. त्याच्यापुढे जेपीजी लिहिलं म्हणून तो जेपीजी होत नाही, गाढवाला घोडा म्हटल्यासारखंच ते. कॉम्प्युटरवर फोटो उघडून 'सेव्ह अॅज' करून जेपीजी निवडा. ई-आधारची पीडीएफ तर आणखी वेगळीच फसवते. तिला पासवर्ड असतो. पोर्टल ती निमूट घेतं, तहसीलमध्ये ती उघडतच नाही. ब्राउझरमध्ये पासवर्ड देऊन उघडा आणि 'प्रिंट'मधून पुन्हा पीडीएफ म्हणून सेव्ह करा. पासवर्ड निघून जातो.

हे सगळं मी सांगितलं, तुम्ही केलं. पण हे काम तुमचं आहे का, हा माझा खरा प्रश्न आहे. फेसबुकवर तुम्ही 5 एमबीचा फोटो टाकता, फेसबुक म्हणतं का, आधी लहान करून आण? ते आपल्या मशीनवर लहान करून घेतं. हे कुठल्याही सर्व्हरला जमतं आणि ही काही चंद्रावर जायची गोष्ट नाही. पण ते काम पोर्टलने केलं नाही, म्हणून ते रोजंदारी बुडवून आलेल्या बापाच्या आणि त्याच्या पोरीच्या गळ्यात पडलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत दाखला द्यायचा, नाकारला तर लेखी कारण द्यायचं. त्यावर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. चांगला कायदा आहे. पण मुदतीचं घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर सुरू होतं. फाईल चढलीच नाही तर अर्ज दाखल होत नाही. दाखल नाही म्हणजे कायद्याच्या लेखी तुम्ही अर्जच केला नाही. अर्जच नाही तर नकार नाही, नकार नाही तर अपील नाही. चार दिवस हेलपाटे घातलेला माणूस सरकारी आकडेवारीत कुठेच दिसत नाही. 'इतके टक्के अर्ज वेळेत निकाली' अशी आकडेवारी जाहीर होते, त्यात हा माणूस धरलेलाच नसतो.

कुणी म्हणेल, मर्यादा नसेल तर लोक अंधुक फोटो चढवतील. बरोबर आहे, चढवतील. पण 75 केबीच्या अटीने अंधुक फोटो थांबतात कुठे? वर सांगितलेली 90 केबीची फाईल गेलीच की आत. अस्पष्ट कागद माणसाच्या डोळ्यांनी ओळखायचा असतो, आणि तो डोळा तहसीलमध्ये पगारावर बसलेला आहे.

माझी मागणी साधी आहे. खालची मर्यादा काढा. मोठी फाईल पोर्टलने स्वतः लहान करून घ्यावी. नियम मराठीत, फाईल निवडायच्या बटणाशेजारी लिहा. आणि फाईल नाकारली की त्या नकाराला तारीख, वेळ आणि नंबर द्या, म्हणजे अपिलात दाखवायला हातात काहीतरी राहील.

हे होईपर्यंत एक काम तुम्ही करा. फाईल नाकारली की ती लाल ओळ दिसत असतानाच पूर्ण स्क्रीनचा फोटो घ्या, कोपऱ्यातली तारीख आणि वेळ त्यात आली पाहिजे. शेवटची तारीख हुकली तर कॉलेजात किंवा तहसीलदारांसमोर दाखवायला सध्या तेवढाच एक पुरावा आहे. असे फोटो माझ्याकडेही पाठवा, आधार नंबर आणि मोबाईल नंबर झाकून. पंचवीस-तीस जमले की गठ्ठा घेऊन मी स्वतः बीडला तहसीलमध्ये जातो आणि तिथे काय उत्तर मिळतं ते इथेच लिहितो.