पहाटे साडेतीनला जाग का येते?

रात्री अकराला झोप लगेच लागते, पण पहाटे साडेतीनला टक्क जाग येते. मग मुलांची फी, राहिलेले काम, आईचे दुखणे असे एकामागून एक विचार सुरू होतात. दिवसा सोपा वाटणारा प्रश्न त्या अंधारात डोंगराएवढा होतो. असे नेमके याच वेळी का घडते?

दिवसभर जागे असताना मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि झोपेचा दाब वाढतो. गाढ झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या भागात होते आणि हा दाब बराच उतरतो. उत्तररात्री झोप मुळातच हलकी असते. त्याच सुमारास शरीराचे घड्याळ उठण्याची तयारी म्हणून कॉर्टिसोल वाढवू लागते. मनावर ताण असेल, तर एरवी लक्षातही न येणारी जाग मग पूर्ण जाग होते.

एका शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. त्या संध्याकाळी सहाला मोठा कप कॉफी घेतात. कॅफीन अ‍ॅडिनोसिनची जागा अडवते, आणि ते शरीरात निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे अकराला निम्मे आणि पहाटे चारला पाव कॅफीन शिल्लक असते. जाग आली की त्या मोबाइलवर वेळ पाहतात, किती तास उरले ते मोजतात आणि सातपर्यंत कूस बदलत पडून राहतात. दुपारी तासभर झोपतात, त्यामुळे रात्रीसाठी झोपेचा दाब कमी साठतो. रविवारी नऊला उठतात, तेव्हा घड्याळ आणखी पुढे सरकते. काही आठवड्यांत मेंदूला सवय लागते, की अंथरूण म्हणजे काळजी करण्याची जागा.

हे चक्र तोडायचे तर चहा-कॉफी दुपारी दोननंतर बंद करा. सुट्टीच्या दिवशीही ठरलेल्या वेळीच उठा आणि सकाळचे ऊन अंगावर घ्या. दुपारी झोपू नका. मनातल्या चिंता आणि उद्याची कामे संध्याकाळीच कागदावर लिहून ठेवा. मध्यरात्री जाग आली तर घड्याळ पाहू नका. वीसेक मिनिटे झाली असे वाटले, तर उठून मंद दिव्यात काहीतरी शांत वाचा आणि डोळे जड झाल्यावरच परत झोपा. पहिले काही दिवस दिवसा थकवा जाणवेल. तेव्हा गाडी चालवताना जपा.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री असा त्रास तीन महिने होत असेल, तर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. मन सतत उदास असेल किंवा झोपेत घोरताना श्वास अडकत असेल, तर तेवढी वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. झोपेच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नका.