विषाची परीक्षा कोठीघरात नको

नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईलगतच्या कुंद्रतूर येथे एका सुशिक्षित कुटुंबाने उंदरांचा उपद्रव वाढला म्हणून व्यावसायिकांना पाचारण केले. त्यांनी घरात ठिकठिकाणी विष ठेवले. त्या रात्री वातानुकूलन यंत्र चालू ठेवून, दारे-खिडक्या बंद करून कुटुंब झोपी गेले. पुढे दोन लहान मुले दगावली आणि आईवडिलांना अत्यवस्थ स्थितीत रुग्णालयात हलवावे लागले. उंदरांपासून घर वाचविण्याच्या प्रयत्नात घरातील माणसेच बळी पडली. या घटनेला दुर्दैव म्हणून विसरून जाणे सोपे आहे. परंतु त्यामागे जी समजूत आहे ती असंख्य स्वयंपाकघरांत रोज वावरत असते. उंदीर-झुरळे मारली की अन्न सुरक्षित झाले, ही ती समजूत. वास्तविक मारणे आणि अन्न सुरक्षित राखणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि पहिले करताना दुसऱ्याचा बळी जाण्याचा संभव मोठा असतो.

या विषांपैकी सर्वांत घातक म्हणजे धान्यात किंवा बिळांत टाकण्याच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतील नुसत्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू बाहेर पडतो. मोठ्या गोदामात, ताडपत्रीखाली, जाणत्या माणसाच्या देखरेखीत त्याचा उपयोग आहे. राहत्या खोलीत मुळीच नाही. वायूला भिंतीतील भेग पुरते, आणि म्हणून कोठीत ठेवलेल्या गोळीचा उपसर्ग शेजारच्या बिऱ्हाडालाही पोहोचू शकतो. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास आला तर ती सूचना समजावी. पण वास आला नाही म्हणून धोका नाही असे मानता येत नाही. या विषावर उतारा नाही. त्याची विक्री सर्वसामान्य ग्राहकाला करण्यास कायद्याने मनाई आहे. तरीही वर्षाची बेगमी करताना 'धान्याला लावायच्या गोळ्या' म्हणून त्या कोणी आणून दिल्या, तर घरात न घेणे हाच एक मार्ग उरतो.

दुसरे विष इतके घरगुती झाले आहे की त्याला विष म्हणवत नाही. ते म्हणजे बोरिक पावडर. महाराष्ट्रातील कितीतरी घरांत ही भुकटी तांदळाला आणि गव्हाला चोळली जाते, आणि तीच कणीक व साखरेत मळून झुरळांसाठी कोपऱ्यात ठेवली जाते. ज्या वस्तूने झुरळ मरते ती आपण धान्याला लावतो, हा विचार सहसा मनात येत नाही. अन्नात बोरिक आम्ल मिसळण्यास आपल्याकडे परवानगी नाही. तांदूळ निदान धुतला जातो आणि पाण्याबरोबर पुष्कळशी भुकटी निघून जाते. गहू मात्र बहुधा न धुताच गिरणीत जातो आणि त्याची भुकटी पिठात उतरते. कणकेच्या गोळ्यांचा धोका आणखी वेगळा. रांगत्या मुलाच्या दृष्टीने ती जमिनीवर पडलेली खाण्याची वस्तूच असते, आणि पांढरी भुकटी मिठाच्या शेजारी ठेवली तर मोठ्या माणसाचीही गफलत होऊ शकते.

मग करावे काय? उंदीर आणि झुरळे घरात येतात ती तीन गोष्टींसाठी: वाट, पाणी आणि रात्रीचे उष्टे. या तिन्ही बंद केल्या की विषाची गरज बरीचशी संपते. हे कसे साधते ते एका साध्या बिऱ्हाडाच्या उदाहरणाने पाहता येईल. समजा, चाळीतील दोन खोल्यांचे घर आहे. एप्रिलमध्ये पन्नास किलो गहू भरला, आणि जूनमध्ये कोठीखाली लेंड्या दिसू लागल्या. पहिले काम पिंजरा आणणे नव्हे, तर वाट शोधणे. रात्री झोपण्यापूर्वी भिंतीच्या कडेने, मोरीच्या तोंडाशी आणि कोठीभोवती रांगोळीचा पातळ थर भुरभुरावा. उंदीर मोकळ्या जागेतून जात नाही, भिंतीला अंग घासून जातो. सकाळी रांगोळीत पावले आणि शेपटीची रेघ उमटलेली दिसते, आणि ती कोणत्या दिशेने आली ते कळते. आपल्या उदाहरणात ती मोरीतून बाहेर जाणाऱ्या नळाभोवतीच्या फटीपाशी संपली असे धरू.

ही फट किती मोठी असावी लागते, याविषयी लोकांची कल्पना चुकते. घरातल्या लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी सहा मिलिमीटरची जागा पुरते. मोठ्या उंदराला अर्धा इंच. चिंध्या, कागद, लाकडाची खुंटी यांनी बुजवलेली फट तो एका रात्रीत कुरतडतो. भांडी घासण्याची तारेची घासणी फटीत घट्ट कोंबून वरून सिमेंट भरावे. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी ठोकावी. मोरीच्या तोंडावर बारीक छिद्रांची लोखंडी जाळी बसवावी. वाट बुजली तरी जो उंदीर आत राहिला असेल त्याच्यासाठी पिंजरा लागतो. येथेही घाई नडते. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून पहिल्या तीन रात्री पिंजरा भिंतीलगत, आमिषासह, पण खटका न लावता ठेवावा. त्याने भजे किंवा सुक्या बोंबलाचा तुकडा निर्धास्तपणे खाल्ला की चौथ्या रात्री खटका लावावा. त्यानंतर पुन्हा रांगोळी टाकावी. सात रात्री ती अभंग राहिली तर काम झाले. पावले पुन्हा उमटली तर दुसरी वाट आहे, आणि ती सापडेपर्यंत पिंजऱ्यांची संख्या वाढवून काही साधणार नाही.

येथे विषारी वडीचा मोह होतो. आजच्या बहुतेक वड्या रक्त गोठू न देणाऱ्या असतात. त्या खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि तोही बहुधा माळ्यावर किंवा भिंतीच्या पोकळीत. तोवर तो वडीचे तुकडे ओढत नेऊन कोठे टाकील याचा नेम नाही. धान्य आणि भांडी जेथे आहेत तेथे म्हणूनच पिंजरा योग्य. वडी वापरायचीच तर घराबाहेर, मुले व पाळीव जनावरे पोहोचणार नाहीत अशा बंद पेटीत.

धान्याची कोठी पत्र्याची, घट्ट झाकणाची असावी. गोणपाट आणि प्लास्टिक ही उंदराच्या दाताला अडवीत नाहीत. कोठी विटांवर किंवा घडवंचीवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावी, म्हणजे मागे आणि खाली झाडू फिरतो व लेंड्या लपत नाहीत. धान्य दोन-तीन उन्हे देऊन वाळवावे. दाताखाली 'कट्' असा आवाज करून तुटला तो दाणा वाळला, दबला तो ओला. मात्र उन्हातून आणलेले धान्य तापलेले असतानाच भरू नये; आत दमटपणा धरतो आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच व्यर्थ जाते. रात्रभर निववून मग भरावे. इतके केल्यावर बोरिक पावडरीचे प्रयोजन उरत नाही. उंदराने गोणी कुरतडलीच असेल, तर लेंड्या निवडून उरलेले धान्य वापरण्याचा मोह टाळावा. लेंड्या निवडता येतात, मूत्र निवडता येत नाही. ओला, वास येणारा भाग सभोवतालच्या धान्यासह टाकून द्यावा. विषाचा तुकडा पडला असल्यास मात्र पाखडणे-धुणे यांवर विसंबू नये. ती सारी कोठी गेली असे समजावे.

झुरळांच्या बाबतीत प्रथम झुरळ ओळखावे लागते. मध्यरात्री दिवा एकदम लावला असता मोठी, तांबूस झुरळे मोरीकडे धावली तर ती गटारातून येत आहेत. तेथे जाळी आणि रात्री झाकण हाच उपाय. डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेली, अर्ध्या इंचाची लहान झुरळे ओट्याखाली शिरली तर ती घरातच नांदत आहेत. त्यांच्या एका अंडकोशातून तीस-चाळीस पिले निघतात. अन्नावाचून ती बरेच दिवस काढतात, पाण्यावाचून नाही. म्हणून रात्री गळका नळ बंद करणे, ओटा कोरडा पुसणे आणि उष्टी भांडी सकाळवर न टाकणे हे फवाऱ्याहून प्रभावी ठरते. फडताळात अंथरलेली वर्तमानपत्राची रद्दी आणि पुठ्ठ्याची खोकी ही त्यांची आवडती वस्ती. वाचून झालेल्या वर्तमानपत्राची जागा फडताळात नाही.

तरीही ती उरली तर औषधी मलमाचे, म्हणजे जेलचे, मोहरीएवढे ठिपके बिजागरीच्या आत, फळीच्या खालच्या बाजूस, भेगांत लावावेत. ओट्यावर किंवा मांडणीवर नव्हे. त्याबरोबर फवारा मारू नये. फवाऱ्याच्या वासाने झुरळे मलमापासून दूर राहतात आणि दोन्ही उपाय फुकट जातात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पिले दिसली म्हणजे औषध खोटे होते असे नव्हे. अंडकोश फुटले एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा ठिपके पुन्हा द्यावेत. भांड्यांच्या मांडणीवर खडूने रेघा ओढण्याची पद्धत तर सोडलीच पाहिजे. ती भुकटी ताटाच्या काठाला लागते. ताटे-वाट्या पालथ्या ठेवाव्यात, आणि उंदरांचा वावर असेपर्यंत सकाळी साबणाने धुऊनच वापरास घ्याव्यात. लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मूत्रातून पसरतो, हे मुंबईने जुलै २००५ च्या महापुरानंतर अनुभवले आहे. लेंड्याही कोरड्या झाडू नयेत. जंतुनाशक पाण्याने भिजवून, हातमोजे घालून पुसाव्यात.

एक नियम शाळेच्या आणि घरच्या स्वयंपाकघराला सारखाच लागू आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील गंडामन या गावी शाळेतील माध्यान्ह भोजन जेवून तेवीस मुले मरण पावली. त्या जेवणात मोनोक्रोटोफॉस हे शेतीचे कीटकनाशक तेलावाटे उतरले होते. औषधाचा रिकामा डबा धुऊन तेलाला, मिठाला किंवा पाण्याला वापरणे ही काटकसर नव्हे. तो भोके पाडून निकामी करावा. आणि जे औषध घरात राहील ते मूळ डब्यात, मूळ चिठ्ठीसह, स्वयंपाकघराबाहेर कुलपात राहावे.

एका घराने वाट बुजवली तरी इमारतीच्या दोन भिंतींमधील चिंचोळी गल्ली कचऱ्याने भरलेली असेल, तर उंदीर शेजारून येत राहील. तेव्हा रात्रीचा कचरा झाकणाच्या डब्यात आणि ती गल्ली महिन्यातून एकदा साफ, एवढे तरी साऱ्या बिऱ्हाडांनी मिळून ठरविणे भाग आहे. ते झाले नाही तर प्रत्येक जण आपापल्या खोलीत अधिकाधिक जालीम विष आणील. आणि विषाला उंदीर कोणता व मूल कोणते हे कळत नाही.