श्वास घ्यायला शिकवू नका, अधिकार द्या

कॉल सेंटरमधल्या पोरांना दीर्घ श्वास घ्यायला शिकवणाऱ्या वर्कशॉपचा मला मनापासून राग येतो. मी चार वर्षं हेडसेट लावून काम केलं. आम्हाला श्वास नीट घेता येत होता. समोरच्या माणसाचं काम तेवढं करून देता येत नव्हतं.

एक साधा कॉल घ्या. ग्राहकाचे १८० रुपये दोनदा कापले गेलेत. त्यालाही दिसतंय, मलाही दिसतंय. पण पैसे परत करायचा अधिकार सुपरवायझरचा, आणि तो दुसऱ्या कॉलवर. मी स्क्रिप्टमधलं 'आपली गैरसोय समजू शकतो' तिसऱ्यांदा वाचतो. तो शिव्या देतो. मला फोन ठेवायची परवानगी नाही. कॉल सरासरी सहा मिनिटांत संपायला हवा; हा नऊ मिनिटं चालतो आणि माझ्या नावापुढे लाल खूण येते.

इथे कामाचा रेटा आहेच, पण माणूस पिचतो तो हात बांधलेले असल्यामुळे. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये अमेरिका आणि स्वीडनमधल्या कामगारांच्या माहितीवरून हेच मांडलं: रेटा मोठा आणि निर्णयाचा हक्क लहान, ही जोडी सगळ्यात घातक. रेट्याबरोबर हक्कही मोठा असेल, तर तेच काम माणसाला शिकवत जातं. पुढे लंडनमधल्या दहा हजारांवर सरकारी नोकरांच्या 'व्हाइटहॉल' अभ्यासात, कामावर ताबा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त दिसला.

'मग मीटिंगमध्ये बोलायचं ना!' आमच्यातली एक जण बोलली. मंजुरीच्या नियमामुळेच कॉल लांबतात, म्हणाली. 'निगेटिव्ह बोलू नकोस' हे उत्तर मिळालं आणि पुढचे तीन आठवडे नाइट शिफ्ट. त्यानंतर मीटिंगमध्ये कुणालाच काही अडचण नव्हती. एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात उलटंच आढळलं होतं: चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जात होत्या, कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती. गप्प टीम म्हणजे सुखी टीम नव्हे.

'अधिकार दिला तर पोरं पैसे वाटत सुटतील,' असं मॅनेजर म्हणतात. मग मर्यादा घाला. ५०० रुपयांपर्यंतचा परतावा कॉलवरच्या माणसाला करू द्या, प्रत्येकाची नोंद ठेवा, त्यातले काही तपासा. शिवीगाळ झाली तर एकदा बजावून फोन ठेवू द्या. आणि सहा मिनिटांचं टार्गेट ठरवताना फोन उचलणाऱ्यांना विचारा. टार्गेट तेच ठेवून 'कसं करायचं ते तूच बघ' म्हणणं हा अधिकार नाही; ती जबाबदारी ढकलणं आहे.

तुमच्या ऑफिसातही पुढचं वेलनेस सेशन लागेल. तेव्हा एकच प्रश्न विचारा: आज कुणालाही न विचारता मी काय ठरवू शकलो? उत्तर 'काहीच नाही' असेल, तर दुरुस्ती तुमच्यात नाही, कामाच्या रचनेत हवी आहे.