पुरावा कोणी जपायचा? वृद्ध कलावंतांच्या मानधनाची सत्तर वर्षे

१/ डिसेंबर १९४५. पुण्यात पठ्ठे बापूरावांचे निधन झाले. रेठरे हरणाक्षच्या कुलकर्णी घराण्यातील श्रीधर बाळकृष्ण हे जात आणि घरदार मागे टाकून तमाशाच्या फडात गेले आणि महाराष्ट्राला ढोलकीवर डोलायला लावून शेवटी विपन्नावस्थेत गेले. त्यांच्या लावण्या मात्र त्या वर्षीही गावोगावच्या जत्रांत गायिल्या जात होत्या.

२/ यानंतर नऊ वर्षांनी, १९५४-५५ मध्ये, तत्कालीन मुंबई राज्याने वृद्ध साहित्यिक व कलावंतांना दरमहा मानधन देण्याची योजना सुरू केली. तीच योजना अनेक फेरफारांसह आजही चालू आहे. २०२४ मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले.

३/ हे नाव समर्पक आहे, पण अर्धेच. शाहू महाराजांच्या पदरी अल्लादिया खाँसाहेबांसारखा गवई होता. १९२२ मध्ये महाराज निवर्तले आणि खाँसाहेबांनी कोल्हापूर सोडून मुंबई गाठली. दरबारी आश्रयाचे आयुष्य आश्रयदात्याच्या आयुष्याएवढेच असे. १९५४ च्या योजनेचे वेगळेपण नेमके येथे होते. कोणाच्या रसिकतेवर किंवा मर्जीवर विसंबून न राहता, लेखी निकषांवर कलावंताला मागणी करता येऊ लागली. ही प्रगतीच होती, आणि जुन्या दरबारांच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी ती विसरू नये.

४/ तरीही जुन्या व्यवस्थेतील एक गोष्ट नव्या व्यवस्थेने उलटी केली. पेशवे दफ्तरात कलावंतिणींना, गवयांना दिलेल्या रकमांच्या नोंदी सापडतात. त्या कोणी लिहिल्या? देणाऱ्याच्या कारकुनाने. बिदागी घेणाऱ्याला अक्षरओळख असो वा नसो, तिचे नाव खर्चाच्या बाडात उतरे, आणि म्हणूनच ते आज इतिहासकाराला सापडते. मानधन योजनेत नोंद जपण्याचे काम घेणाऱ्यावर आले.

५/ निकष वाचायला साधे आहेत. वय किमान ५० वर्षे, दिव्यांगांसाठी ४०. कला किंवा साहित्याच्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचे काम. उपजीविका मुख्यतः कलेवर. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत. शासनाचे अन्य नियमित निवृत्तिवेतन नसावे. जिल्हा निवड समिती दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून जास्तीत जास्त १०० जणांची निवड करते. पात्र ठरलेल्या १०१ व्या अर्जदाराने पुढील वर्षाची वाट पाहायची, मग त्याचे वय ५१ असो वा ७८.

६/ आता एक ढोलकीवाला कल्पनेत आणावा. वय साठीच्या आसपास, शाळा दुसरीत सुटलेली, चाळीस वर्षे वेगवेगळ्या फडांत वाजवून आता सांध्यांनी जेरीस आलेला. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळेल. रहिवासाचा मिळेल. वय आधार कार्डावर आहे. ते अंदाजाने लिहिलेले असले, तरी आहे. अडते ते पंधरा वर्षांच्या पुराव्यापाशी.

७/ का अडते, हे समजण्यासाठी नारायणगावला जावे लागेल. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी येऊन आपल्या जत्रेसाठी फड ठरवतात, सुपारी देतात, इसार ठेवतात, कागद होतो. त्या कागदावर एका बाजूला गाव असते, दुसऱ्या बाजूला फडमालक. हँडबिलावर फडाचे नाव आणि फार तर मुख्य नर्तकीचे. ढोलकीवाला, हलगीवाला, सुरत्या, झीलकरी, सोंगाड्याचा जोडीदार यांची नावे कोठेच येत नाहीत. ज्या रात्री हजारो माणसांनी त्याची ढोलकी ऐकली, त्या रात्रीच्या कागदावर तो नाही.

८/ त्याच समितीपुढे एखाद्या ग्रामीण साहित्यिकाचा अर्ज येतो. त्याच्याजवळ दोन पुस्तके आहेत आणि प्रकाशनाचे वर्ष आतच छापलेले आहे. संमेलनाची निमंत्रणपत्रिका आहे, वर्तमानपत्राचे कात्रण आहे. साहित्यिकाचा येथे काहीच दोष नाही. पण त्याची कला स्वतःच कागद आहे, ढोलकीवाल्याची कला हवेत विरते, आणि एकच मोजपट्टी दोघांना लावली जाते.

९/ शासनाने एक अन्याय दूर केला, हे नोंदवले पाहिजे. पूर्वी लाभार्थ्यांच्या तीन श्रेणी होत्या. राष्ट्रीय पातळीच्या कलावंताला अखेरीस ३,१५० रुपये, राज्य पातळीच्याला २,७००, जिल्हा पातळीच्याला २,२५०. म्हणजे म्हातारपणीच्या औषधाची किंमत कीर्तीवरून ठरे. २०२४ पासून सर्वांना सरसकट ५,००० रुपये. श्रेणी गेली, पण पुराव्याची अट कीर्तिमंतालाच सोपी राहिली.

१०/ यावर आक्षेप असा की, पुरावा सैल केला तर आयुष्यात टाळही न धरलेली माणसे यादीत घुसतील. आक्षेप खरा आहे. शंभराच्या मर्यादेत एक खोटे नाव म्हणजे एका खऱ्या कलावंताचे गेलेले वर्ष. म्हणून पुरावा सैल करू नये, तो योग्य ठिकाणी शोधावा. जत्रा कमिटीच्या वर्गणीच्या वह्यांत फडाचे नाव आणि साल असते. फडमालकाला आपल्या वादकांची नावे पाठ असतात. त्याच फडातील जुने साथीदार, ज्यांचा अर्ज आधीच मंजूर आहे, ते साक्ष देऊ शकतात. अशा तीन स्वतंत्र साक्षी जुळल्या की खोटे टिकणे कठीण. इतिहास वाचणाऱ्यांना ही रीत परकी नाही. एका बखरीवर विसंबू नये, हे ते रोज म्हणतात. शिवाय समितीने ढोलकी पुढे ठेवली तर पाच मिनिटांत निम्मे काम होईल. बोटे वाकडी झालेल्यांसाठी साक्षी आहेतच.

११/ मुख्य मुद्दा हा की, साक्षी गोळा करण्याचे काम समितीने करावे. साठीचा माणूस चाळीस गावांच्या सरपंचांकडे पत्रे मागत फिरू शकत नाही. गटविकास अधिकाऱ्याचे एक पत्र मात्र चाळीस ग्रामपंचायतींना जाऊ शकते.

१२/ उत्पन्नाच्या अटीचाही हिशेब करून पाहावा. ६०,००० भागिले १२ म्हणजे महिना ५,०००, नेमके मानधनाएवढेच. जो घरचे मिळून महिन्याला ५,००० रुपयांहून थोडे अधिक मिळवतो, तो या योजनेच्या लेखी गरजू नाही. मानधन वाढले, उंबरठा मागे राहिला.

१३/ कीर्तीचा आधार किती, हे विठाबाई नारायणगावकरांनी दाखवले. राष्ट्रपती पदकाची मानकरी असलेली ही तमाशासम्राज्ञी २००२ मध्ये हलाखीत गेली. पुढे शासनाने तिच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो वर्षाला एकाच कलावंताला मिळतो. मानधनाची यादी लांबत जाते, पण तिच्या बातम्या होत नाहीत.

१४/ शेवटी एक तरतूद, जिची चर्चा फारशी होत नाही. लाभार्थी वारला तर मानधन त्याच्या पतीला किंवा पत्नीला चालू राहते. तरतूद चांगली आहे. परंतु फडात आयुष्यभर एकत्र राहिलेल्या सर्वच जोडप्यांचे लग्न कोठे नोंदलेले असते असे नाही. बापूराव आणि पवळा ही जोडी आज समितीपुढे उभी राहिली असती, तर बापूरावांच्या पश्चात पवळेकडे दाखवायला कोणता कागद असता?