कुलूप लावलं, पण उघडणार कोण?

डिजिलॉकरमध्ये कागद टाकले की निश्चिंत, असं समजू नका. तिथे दोन कप्पे असतात. पॅन किंवा विम्याची पॉलिसी ती देणाऱ्या खात्याकडून किंवा कंपनीकडून थेट मागवलीत, तर ती ‘Issued’ कप्प्यात येते आणि 2016च्या नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीची ठरते. घराचं खरेदीखत मात्र स्वतः स्कॅन करून चढवलंत, तर ती नुसती झेरॉक्स. मूळ खत कपाटात हवंच. खरा घोळ पुढेच होतो. डिजिलॉकर उघडायला ओटीपी लागतो, तो येतो मोबाइलवर. माणूस गेला, घरच्यांनी खर्च नको म्हणून सिम बंद केलं, की पॉलिसीचा नंबरही हाती लागत नाही. म्हणूनच डिजिलॉकरमध्ये नॉमिनी नेमता येतो. सेबीच्या 2025च्या व्यवस्थेत मृत्यूची नोंद पोहोचली, की नॉमिनीला डीमॅट आणि म्युच्युअल फंडाचा तपशील दिसतो. फक्त दिसतो, पैसे मिळवायला त्या त्या ठिकाणी रीतसर दावा करावाच लागतो. तेव्हा नॉमिनी नेमाच, पण पॉलिसी क्रमांक आणि मूळ खत कुठे ठेवलंय, हे एका कागदावर लिहून घरात कुणाला तरी दाखवून ठेवा.