खिडकीखालची सतरंजी

दुपारी शाळा सुटली की आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांच्या घरी अठरा-वीस मुलं येतात. कुणाची अम्मी दवाखान्यात कामाला, कुणाची शिवणकारखान्यात, कुणी पार्लर चालवते. जेवण, थोडी झोप, गृहपाठ, खेळ, आणि सहा वाजेपर्यंत ज्याची त्याची अम्मी येते. आठवड्यातून तीन दिवस मी तिथं अभ्यास घ्यायला जाते. यातली सहा वर्षांची मुलं पहिलीतली. दिवसभर शाळेत नीट बसायचं, ओळीत चालायचं, न रडायचं, हे सगळं करून ती थकून येतात आणि शाळेत धरून ठेवलेलं सगळं इथं सुटतं.

यातल्या एका मुलीला मी इथं मुन्नी म्हणते. पावणेपाच वाजले की तिचं पोट दुखायचं. पाणी प्यायला, मग संडासला, मग पुन्हा पाणी. दर दोन मिनिटांनी एकच प्रश्न, ‘‘बाजी, अम्मी येणार ना?’’ दाराशी दुसऱ्या कुणाची अम्मी दिसली की ही रडायला लागायची, कधी ओकायची. खालांनी तिच्या अम्मीला सांगून टाकलं होतं, की असंच चाललं तर आम्हाला जमणार नाही. अम्मीची नोकरी नवी होती. तिनं मला फोन केला, ‘‘बाजी, नोकरी सोडू का?’’

मी म्हटलं, एक महिना द्या. मग आम्ही खिडकीखाली ‘शांत कोपरा’ केला, आणि पहिल्यांदा तो साफ फसला. फसला कसा, तेही सांगते. घरी किंवा शिकवणीत असा कोपरा करणाऱ्या बऱ्याच जणींचं तिथंच चुकतं.

आम्ही हौसेनं उशा, खेळणी, रंगीत पुस्तकं, लाइटची माळ, सगळं मांडलं. मुलांना ती जत्राच वाटली. रांग लागली, भांडणं झाली. त्यातच मदतीला येणाऱ्या मुलीनं दंगा करणाऱ्या दोन पोरांना ‘जा, कोपऱ्यात बस’ म्हणून तिथं पाठवलं. झालं! दुसऱ्या दिवशी मुन्नीला तिकडे चल म्हटलं तर ती म्हणाली, ‘‘मी काय केलं?’’ एकदा शिक्षेची जागा झाली की घाबरलेलं मूल तिथं येत नाही. आलं तरी आणखी आक्रसून बसतं.

आम्ही सगळं काढलं. एक सतरंजी, एक लोड, आणि चारच वस्तू ठेवल्या. दोन बाजूंना भिंत, पण खालांना स्वयंपाकघराच्या दारातून दिसेल अशी जागा. पडदा नाही, कारण घाबरलेल्या मुलाला नजरेआड करायचं नसतं. एका वेळी एक मूल. शिक्षा म्हणून कुणालाही तिकडे पाठवायचं नाही, हा नियम मोठ्यांसाठी. आणि कोपरा आठवडाभर फक्त मजेत असताना वापरायचा. रोज जेवणानंतर दोघं-तिघं आळीपाळीनं येत आणि चारही गोष्टी करून बघत. रडू फुटलेलं असताना नवी गोष्ट शिकता येत नाही, तेव्हा फक्त सवयीची गोष्टच हाताला येते.

या चार वस्तूंपेक्षा त्यांचा क्रम महत्त्वाचा. आधी हातपाय, मग श्वास, मग बोलणं. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. ‘काय झालं? का रडतेस? सांग बघू?’ इथून सुरुवात. भीतीनं छाती धडधडत असताना सहा वर्षांच्या मुलाला शब्द सापडत नाहीत, आणि सापडले नाहीत की ते आणखी घाबरतं.

म्हणून पहिलं काम भिंत ढकलायची. भिंतीवर मुलाच्या छातीच्या उंचीवर हाताच्या पंजांचे दोन कागदी ठसे चिकटवले आहेत. तिथं तळवे टेकायचे, पाय थोडे मागे, आणि दहा मोजेपर्यंत जोर लावायचा. हात सैल सोडायचे. असं तीनदा. दंड-खांद्यांना काम मिळालं की अंगातली थरथर कमी होते. मुन्नीला हेच सगळ्यात आवडलं. ‘बाजी, भिंत थोडी हलली!’ म्हणाली. मी हो म्हटलं. ज्याला भिंत आवडत नाही त्याला मी दफ्तरात पाच-सहा पुस्तकं घालून आतल्या खोलीत नेऊन ठेवायला सांगते. काम तेच होतं.

मग श्वास. ‘दीर्घ श्वास घे’ म्हटलं की लहान मूल खांदे कानापर्यंत नेऊन भराभर हवा ओढतं. तसं चार-पाचदा केलं तर उलट गरगरतं. श्वास घेण्यावर भर द्यायचाच नाही, सोडण्यावर द्यायचा, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप थोडे मंदावतात. आम्ही पतंगाच्या कागदाची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी पेन्सिलीच्या टोकाला चिकटवली. ती ओठांसमोर धरायची आणि गरम शीरखुर्म्याच्या वाटीवर फुंकर घालतो तशी हळू फुंकर घालायची. पट्टी फडफडत राहिली पाहिजे, ताडकन आडवी झाली तर फुंकर जोरात झाली. मुलाला हे डोळ्यांनी दिसतं, त्यामुळे ‘हळू, हळू’ असं आपल्याला ओरडावं लागत नाही. नाकानं तीन मोजेपर्यंत आत, तोंडानं पाच मोजेपर्यंत बाहेर, पाच वेळा, बस. चक्कर येते म्हणालं तर तिथंच थांबवायचं. दम्याच्या मुलाला धाप लागलेली असेल तर हा खेळ नाही. त्याचा पंप आणि डॉक्टर आधी.

ज्याला झोपून बरं वाटतं त्याच्या पोटावर कापडाची बाहुली ठेवते. श्वास आत गेला की ती वर जाते, बाहेर आला की खाली. बाहुलीला झोपवायचं, एवढंच सांगायचं.

तिसरी वस्तू चमकीची बाटली. ही घरी करता येते, फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. अर्ध्या लिटरची सरळ, पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली घ्या, काचेची नको. चौथा भाग पारदर्शक गोंद भरा. पांढरा गोंद घेऊ नका, सगळं दुधासारखं होऊन चमकी दिसेनाशी होते. (पहिली बाटली मी तशीच घालवली.) मग दोन चहाचे चमचे चमकी आणि वरपर्यंत कोमट पाणी, कारण थंड पाण्यात गोंदाच्या गुठळ्या होतात. बोटभर जागा मोकळी ठेवून हलवून बघा. चमकी दोन-तीन मिनिटांत तळाशी बसली पाहिजे. लगेच बसली तर थोडा गोंद वाढवा, दहा मिनिटं झाली तरी तरंगतच राहिली तर थोडं मिश्रण काढून पाणी घाला. मनासारखं झालं की झाकणाच्या आट्यांना घट्ट चिकटणारा गोंद लावून बंद करा आणि वरून टेप गुंडाळा. मुलानं एकदाच हलवायची आणि चमकी बसेपर्यंत बघायची. पुन्हा पुन्हा घुसळायला लागलं तर ते अजून श्वासापर्यंत आलेलं नाही असं समजून त्याला परत भिंतीकडे न्यायचं.

एक सावधगिरी. फुग्यात पीठ भरून दाबायचा चेंडू करतात, तो आम्ही ठेवत नाही. फुगा फाटतो आणि त्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. दाबायला काही हवंच असेल तर कणकेचा गोळा द्या.

चौथी वस्तू मुन्नीसाठीच केली आणि मग सगळ्यांना लागू पडली. सहा वर्षांच्या मुलाला ‘अम्मी सहाला येईल’ म्हणून काही कळत नाही. घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. पुठ्ठ्याच्या लांब पट्टीवर चित्रं काढली: ताट, उशी, वही, चेंडू, मिनार, दुधाचा पेला, अम्मीची स्कूटी. एक झालं की कपड्यांचा चिमटा पुढच्या चित्रावर. मिनार म्हणजे असरची अजान. तिची वेळ वर्षभर मागेपुढे सरकते, तसा तो चिमटाही सरकतो. अजान कानावर येते म्हणून मुलाला ती खूण पटते.

‘अम्मी येणार ना?’ या प्रश्नाला मी पूर्वी दर वेळी ‘हो गं, येणार’ म्हणायचे. त्यानं क्षणभर बरं वाटायचं आणि दोन मिनिटांनी प्रश्न परत. प्रत्येक उत्तर तिला पुढचा प्रश्न विचारायला शिकवत होतं. आता आम्ही एकदाच उत्तर देतो. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणतो, ‘चिमटा कुठे आहे, बघून ये.’ उत्तर बाजींच्या तोंडात नसून पट्टीवर असतं आणि ते तिला स्वतःला वाचता येतं. पहिले तीन दिवस ती चिडली, दुप्पट विचारलं. खाला म्हणाल्या, ‘‘हे काही खरं नाही.’’ चौथ्या दिवशी ती न विचारता पट्टीकडे गेली.

या सगळ्यात मोठं माणूस काय करतं? शेजारी जमिनीवर बसतं, समोर नाही, बाजूला. डोळ्यांत डोळे घालून बघत नाही. ‘मी इथं आहे’ एवढंच म्हणतं आणि आपलाच श्वास सावकाश घेतं. खालांना गप्प बसणं फार जड गेलं. त्या आता तिथं बसून लसूण सोलतात.

दुसऱ्या आठवड्यात मात्र नवीच गंमत सुरू झाली. उर्दूचं इमला सुरू झालं की मुन्नी कोपऱ्यात. ही पळवाट आहे की भीती, हे कसं ओळखायचं? रोज एकाच कामाच्या आधी जाते का आणि परत येताना काम संपलेलंच असतं का, हे आठ दिवस वहीत टिपलं. उत्तर हो आलं. पण रागावण्यात अर्थ नव्हता, कारण पळवाटेच्या मागेही भीतीच होती. आम्ही कोपरा बंद केला नाही. कोपऱ्यातून आल्यावर तेच काम, पण छोटं करून. दहा शब्दांऐवजी दोन, तेही माझ्याशेजारी बसून. पुढच्या आठवड्यात चार.

महिना झाला तेव्हा पोटदुखी पूर्ण गेली नव्हती. आठवड्यातून एखाद्या वेळी होतेच. पण ती दारापासून पंधरा मिनिटांत परत यायची आणि ओकणं थांबलं होतं. अम्मीला मी एक नियम घातला: उशीर होणार असेल तर खालांना फोन करायचा, म्हणजे स्कूटीच्या आधी आणखी एक चित्र लावता येतं. एका गुरुवारी तिची बस चुकली. आम्ही पट्टीवर बसचं चित्र लावलं. मुन्नीनं भिंत ढकलली, फुंकर घातली, आणि बाहुली घेऊन खालांच्या शेजारी लसूण सोलायला बसली.

कोपऱ्यानं सगळं होत नाही, हेही सांगते. पोट दुखतं म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला आधी डॉक्टरांना दाखवायचं. आम्हीही दाखवलं होतं. महिना-दीड महिना होऊनही मूल शाळेत जायलाच तयार नसेल, झोप आणि खाणं बिघडलं असेल, किंवा घरात बोलणारं मूल बाहेर एक शब्दही बोलत नसेल, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. लाजायचं काही नाही. सरकारच्या टेली मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तिथं पालकांनाही बोलता येतं.

मुन्नीच्या अम्मीनं नोकरी सोडलेली नाही. तिनं घरीही एक पट्टी केली आहे, सकाळची, कारण आता रडारड दात घासण्यावरून चालते.